एक गाठ, दोन डाय आणि मधलं क्रिएटिनिन

दांडिया बाजारात राहणाऱ्या सदुसष्ट वर्षांच्या एका काकूंचं हे प्रकरण. मी वडोदऱ्यात रेडिओलॉजिस्ट आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आकड्यांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण सगळी गोष्ट त्या क्रमातच आहे.

काकूंना बरीच वर्षं मधुमेह. मेटफॉर्मिन चालू, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड एकत्र असलेली गोळी, आणि गुडघे दुखले की मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक. ही शेवटची गोळी कुठल्याच चिठ्ठीवर नव्हती. पोटाच्या सोनोग्राफीत उजव्या किडनीत १.८ सेंटीमीटरची गाठ दिसली. साधी पाण्याची गाठ सोनोग्राफीत स्वच्छ काळी दिसते. ही तशी नव्हती, आत धूसरपणा होता. यूरोलॉजिस्टनी चिठ्ठीवर लिहिलं: किडनीचा सीटी, कॉन्ट्रास्टसह, म्हणजे शिरेतून डाय देऊन.

मुलगा चिठ्ठी आणि रक्ताचा रिपोर्ट घेऊन आला. किडनी रक्तातून गाळून टाकते त्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थाचं आदल्या दिवशीचं प्रमाण १.४ होतं. तो म्हणाला, "डॉक्टर, सीटीच्या डायनं किडनी जाते असं सगळेच सांगतात. आईला शुगर आहे. त्यापेक्षा एमआरआयच करा ना, त्याचा डाय किडनीला काही करत नाही म्हणे."

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. त्यातलं प्रत्येक वाक्य अर्धं खरं असतं, त्यामुळे उत्तर द्यायला वेळ लागतो.

दोन्ही औषधं शिरेतून देतात, दोन्ही मुख्यतः किडनीतूनच बाहेर पडतात, आणि लोकांच्या तोंडी दोन्हींना 'डाय'च म्हणतात. साम्य इथं संपतं. सीटीच्या डायमध्ये आयोडिन असतं. आयोडिनचा अणू जड, तो क्ष-किरण स्वतः अडवतो, म्हणून ज्या भागात रक्त जास्त जातं तो भाग चित्रात पांढरा दिसतो. अडवण्याचं काम अणूलाच करायचं असल्यामुळे तो भरपूर लागतो. काकूंना आम्ही पुढे जे आयोहेक्सॉल दिलं त्यात दर मिलिलिटरला ३५० मिलिग्रॅम आयोडिन होतं. ८० मिलिलिटर दिलं, म्हणजे २८ ग्रॅम आयोडिन.

एमआरआयच्या डायमध्ये गॅडोलिनियम असतं. हा धातू आहे आणि चित्रात आपण त्याला पाहतच नाही. त्याच्या अणूत सात एकटे इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे तो चुंबकीय क्षेत्रात जवळच्या पाण्याच्या कणांना लवकर मूळ स्थितीत आणतो. चित्रात उजळतं ते पाणी. एक अणू आसपासच्या असंख्य पाण्याच्या कणांवर परिणाम करतो, म्हणून मात्रा फार थोडी पुरते: दर किलोला ०.१ मिलिमोल. काकूंचं वजन ५८ किलो. गॅडोब्युट्रॉल नावाचं औषध दर मिलिलिटरला १ मिलिमोल असं येतं, म्हणजे ५.८ मिलिलिटर. त्यात शुद्ध गॅडोलिनियम एक ग्रॅमपेक्षाही किंचित कमी.

एकीकडे २८ ग्रॅम, दुसरीकडे जेमतेम एक. 'एमआरआयचा डाय किडनीला सौम्य' ही समजूत बरीचशी या फरकातून आली आहे. नेहमीच्या मात्रेत गॅडोलिनियमनं किडनीला इजा होण्याची शक्यता खरंच फार कमी असते. पण याचा अर्थ ते धातू म्हणून गरीब आहे असा नाही. एकेकाळी किडनीच्या रुग्णांच्या अँजिओग्राफीत आयोडिनऐवजी गॅडोलिनियम वापरून पाहिलं गेलं. क्ष-किरण अडवण्याइतकी मात्रा द्यावी लागली, आणि किडन्यांना इजा झालीच, तीही आयोडिनहून जास्त. त्यामुळे सीटीमध्ये आयोडिनच्या जागी गॅडोलिनियम देण्याचा विचार कुणी बोलून दाखवला तर त्याला लगेच थांबवावं.

दोन वेगळ्या भीती

मुलाला मी मुख्यतः एवढंच सांगितलं की दोन्ही डायच्या आधी किडनीबद्दल विचारतात, पण कारणं अगदी निराळी आहेत. आयोडिनमध्ये काळजी किडनीची. औषध किडनीतून जाताना तिच्या आतल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, तिथला प्राणवायू कमी पडतो, नळ्यांच्या पेशींना थेट त्रासही होऊ शकतो. किडनी आधीच अशक्त असेल तर हा धक्का तिला जड जाऊ शकतो. क्रिएटिनिन एक-दोन दिवसांत वाढायला लागतं, तीन ते पाच दिवसांत सर्वात वर जातं आणि बहुतेकांत आठवडा-दहा दिवसांत खाली येतं.

गॅडोलिनियममध्ये काळजी उरलेल्या शरीराची. मोकळा गॅडोलिनियम विषारी असतो. त्याचा आकार कॅल्शियमच्या जवळचा, त्यामुळे जिथं कॅल्शियमचं काम चालतं तिथं तो लुडबुड करतो. म्हणून औषधात त्याला एका मोठ्या रेणूत जखडून ठेवतात. किडनी चांगली असेल तर शरीरातलं निम्मं औषध दोनेक तासांत लघवीतून बाहेर पडतं, आणि सुटण्याइतका वेळच त्याला मिळत नाही. किडनी जवळजवळ बंद असेल तर हाच काळ दिवसाहूनही लांबतो. मग काही प्रकारच्या औषधांतून धातू हळूहळू सुटतो आणि त्वचेत, सांध्यांभोवती, कधी आतल्या अवयवांत साठून तंतूंचं जाळं वाढवतो. पायांची कातडी लाकडासारखी कडक होते, गुडघे आणि कोपरं वाकलेल्या अवस्थेत अडकतात. या आजाराला नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस म्हणतात. पहिले रुग्ण १९९७ मध्ये अमेरिकेत दिसले, पण कारण कळायला वेळ लागला. डायलिसिसवरच्या रुग्णांत हा आजार आणि गॅडोलिनियम यांचा संबंध २००६ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्रोबनर या डॉक्टरांनी दाखवला.

कुठलं गॅडोलिनियम, हा प्रश्न इथून सुरू होतो. काही औषधांत तो रेणू धातूभोवती उघड्या दोरीसारखा गुंडाळलेला असतो, त्यांना रेषीय म्हणतात. गॅडोडायमाइड आणि गॅडोपेंटेटेट यांत येतात, आणि वरच्या आजाराचे बहुतेक रुग्ण अशाच औषधांनंतरचे होते. गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरेट आणि गॅडोटेरिडॉल यांत रेणूचं बंद कडं असतं, धातू आत अडकून राहतो. या गटात डायलिसिसच्या रुग्णांतसुद्धा हा आजार अत्यंत विरळा. म्हणूनच अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या सूचनांत या गटासाठी आधी किडनी तपासणं ऐच्छिक ठेवलं आहे. युरोपात तर २०१७ मध्ये शिरेतून देण्याच्या बऱ्याच रेषीय औषधांची परवानगीच थांबवली गेली. एमआरआयची तारीख घेताना 'तुमच्याकडे कुठलं गॅडोलिनियम असतं?' असं विचारायला हरकत नाही. सेंटरला उत्तर देता आलं पाहिजे.

१.४ या आकड्यात काय दडलं होतं

आता काकूंच्या रिपोर्टकडे. मुलाच्या मते १.४ म्हणजे 'थोडंसं जास्त'. पण क्रिएटिनिनचा आकडा एकटा काही सांगत नाही, ते स्नायूंमधून येतं. पस्तीस वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.४ असेल तर सूत्रानुसार त्याचा ईजीएफआर साधारण ६७ येतो. सदुसष्ट वर्षांच्या बाईचं तेवढंच असेल तर ४१. ईजीएफआर म्हणजे किडनी दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळते याचा अंदाज. कॉन्ट्रास्टचे सगळे निर्णय याच आकड्यावर होतात, त्यामुळे लॅबनं तो छापला नसेल तर काढून घ्यावा.

४१ हा आकडा काही घाबरवणारा नाही. अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि किडनी तज्ज्ञांच्या २०२० च्या एकत्रित निवेदनात शिरेतून द्यायच्या आयोडिनसाठी खरी धोक्याची रेघ ३० च्या खाली मानली आहे. ३० ते ४४ मध्ये रुग्ण पाहून ठरवावं, इतकंच. त्याचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. जुन्या अभ्यासांत डाय दिल्यावर क्रिएटिनिन वाढलं की दोष डायला जाई. पुढे डाय न मिळालेल्या तशाच आजारी लोकांशी तुलना झाली, तेव्हा त्यांच्यातही क्रिएटिनिन बऱ्याच वेळा वाढलेलं दिसलं. आजारी माणसाची किडनी आजारामुळेच वरखाली होत असते. धोका खोटा ठरला नाही, पण पूर्वी वाटत होता तेवढा मोठाही राहिला नाही.

मी थबकलो ते वेगळ्या कारणानं. जुन्या फाइलमध्ये उन्हाळ्यातलं क्रिएटिनिन होतं १.१, म्हणजे ईजीएफआर ५५. मधल्या काही महिन्यांत ते चढलं होतं. मधुमेहात ते हळूहळू चढू शकतं किंवा दोन दिवसांत झपकन, आणि या दोन्हींचा अर्थ पूर्ण वेगळा. मी काकूंना विचारलं, "मधे काही आजारी होता का?"

त्या म्हणाल्या, "गणपतीत दोन दिवस जुलाब झाले. परवापर्यंत काही पोटात राहत नव्हतं. आणि गुडघा तर काय, आरत्यांना उभं राहून राहून... गोळी घेतली की बरं वाटतं."

"कुठली गोळी?"

त्यांनी पर्समधून पट्टी काढली. डायक्लोफिनॅक. दिवसाला दोन, चारेक दिवस.

किडनीचा डॉक्टर हे ऐकून डोक्याला हात लावतो. शरीरातलं पाणी कमी झालेलं, त्यात थायाझाइड आणखी लघवी काढतंय. टेल्मिसार्टन किडनीच्या गाळणीतला दाब कमी करतं, आणि डायक्लोफिनॅक त्या गाळणीकडे येणारी रक्तवाहिनी आखडून ठेवतं. तिन्ही औषधं एकेकटी ठीक, पण जुलाबात एकत्र आली की किडनी अचानक मंदावू शकते.

अशा वेळी ईजीएफआरचा आकडा फसवतो. सूत्र असं गृहीत धरतं की क्रिएटिनिन स्थिर आहे. टाकीचा खालचा नळ आत्ताच बंद झाला असेल तर लगेच पातळी पाहून तो बंद आहे हे कळणार नाही, पातळी चढायला वेळ लागेल. किडनी आज मंदावली तर क्रिएटिनिन उद्या-परवा वर दिसतं, आणि तोपर्यंत कागदावरचा ४१ हा प्रत्यक्षापेक्षा चांगला आकडा असतो.

म्हणून सीटीच्या आधी क्रिएटिनिन पुन्हा केलं. आलं १.८.

एका दिवसात ०.४ ची वाढ. ४८ तासांत ०.३ किंवा त्याहून जास्त वाढ झाली की किडनीला अचानक इजा झाली असं धरतात. या स्थितीत ईजीएफआर कितीही येवो, आयोडिन टाळता येत असेल तर टाळायचं. आणि गंमत अशी की मुलगा ज्या एमआरआयचा आग्रह धरत होता, त्यातल्या जुन्या रेषीय गॅडोलिनियमसाठीही हीच स्थिती सर्वात वाईट. नेफ्रोजेनिक फायब्रोसिसच्या रुग्णांत डायलिसिसवाले होते तसे अचानक किडनी बिघडलेलेही होते. त्या दिवशी घाईनं 'सौम्य' डाय द्यायला कुठेतरी गेले असते तर तोही सुरक्षित पर्याय ठरला नसता.

१.८ सेंटीमीटरची गाठ काही दिवसांत कुठे जात नाही. तपासणी पुढे ढकलली. फिजिशियननी डायक्लोफिनॅक बंद केली, रक्तदाबाची गोळी आणि मेटफॉर्मिन तात्पुरती थांबवली, पाणी आणि मीठ-साखरेचं द्रावण भरपूर प्यायला सांगितलं. चार दिवसांनी क्रिएटिनिन १.२ वर आलं, ईजीएफआर ५० च्या आसपास. दुसऱ्या दिवशीही १.२. आता आकड्यावर विश्वास ठेवता येत होता.

मुलानं विचारलं, "सलाइन लावायची ना आधी?" नाही. शिरेतून सलाइन मुख्यतः ३० च्या खालच्यांसाठी, किंवा किडनीला नुकतीच इजा झाली असूनही तपासणी टाळता येत नाही अशांसाठी. पन्नास ईजीएफआरला नीट पाणी प्यायलं तरी पुरतं.

मेटफॉर्मिनबद्दल दोन शिस्ती आहेत. मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही. किडनी बिघडली तर ते साठतं आणि रक्तात आम्ल वाढवू शकतं. अमेरिकन कॉलेजच्या सूचनांनुसार ईजीएफआर ३० च्या वर आणि किडनी स्थिर असेल तर शिरेतल्या आयोडिनसाठी ते थांबवायची गरज नाही. अमेरिकी औषध प्रशासनाच्या लेबलवर मात्र ३० ते ६० मध्येही थांबवा आणि ४८ तासांनी किडनी पाहून सुरू करा असं आहे. काकूंची किडनी नुकतीच सावरली होती, म्हणून आम्ही दुसरी, कडक शिस्त पाळली. गॅडोलिनियमसाठी मेटफॉर्मिन थांबवायची भानगड नसते.

सीटी आणि मग एमआरआय

आधी डायशिवाय सीटी केला आणि तो पाहूनच सुई लावायची असं ठरवलं. साध्या सीटीत गाठीची घनता सीटीच्या हाउन्सफील्ड मापात २० पेक्षा कमी आणि सगळीकडे सारखी असती तर ती पाण्याची, ७० च्या वर आणि सारखी असती तर जुन्या रक्ताची, आणि दोन्ही वेळा आयोडिनची गरजच उरली नसती. काकूंची आली ४८, बरोबर मधे. मग ८० मिलिलिटर आयोहेक्सॉल दिलं. काकू म्हणाल्या, "अंगभर गरम झालं हो." हे आयोडिनचं ठरलेलं लक्षण, ॲलर्जी नव्हे.

डायनंतर गाठीची घनता ६२ झाली, म्हणजे वाढ १४ ची. दहाच्या खाली वाढ असेल तर आत रक्तपुरवठा नाही, वीसच्या वर असेल तर आहे, म्हणजे गाठ मांसल आणि कर्करोगाचा संशय. चौदा अनिर्णित. भोवतालची किडनी आयोडिननं इतकी चमकते की मधली छोटी गाठही उगाच थोडी उजळल्यासारखी भासते. इथे एमआरआय खरोखर कामी येतो. तो सौम्य आहे म्हणून नव्हे, तर डायआधीचं चित्र डायनंतरच्या चित्रातून वजा करता येतं म्हणून. गाठीत खरोखर काही उजळलं असेल तर तेवढंच उरतं.

४८ तासांनी क्रिएटिनिन पुन्हा केलं: १.२. मेटफॉर्मिन सुरू झालं. एमआरआय आठवड्यानं ठेवला. वास्तविक एवढा वेळ लागत नाही, पण मुलाला सुटी त्याच दिवशी होती. याच्या उलट क्रम असता तर एक बारीक अडचण आली असती. गॅडोलिनियमही क्ष-किरण अडवतो, त्यामुळे एमआरआयनंतर लगेच सीटी केला तर मूत्रमार्गात तो पांढरा दिसून वाचणाऱ्याला गोंधळवू शकतो.

एमआरआयच्या फॉर्मवर किडनीचे प्रश्न होते, पण नवं क्रिएटिनिन आम्ही मागितलं नाही. गॅडोब्युट्रॉल, ईजीएफआर ५०, ५.८ मिलिलिटर. जुनं रेषीय औषध असतं तर मागितलं असतं. गाठ डायआधीच ठळक उजळ आणि एकसारखी होती, म्हणजे आत जुनं रक्त. वजा केलेल्या चित्रात गाठीच्या जागी काळं, काहीच नाही. किडनीच्या गाठींच्या बोस्नियाक वर्गवारीत दुसरा वर्ग, साधी रक्त साचलेली गाठ. यूरोलॉजिस्टनी शस्त्रक्रियेचा विषय बंद केला.

किडनी कुणाची आधी तपासायची, हे काकूंच्या निमित्तानं सांगतो, कारण सरसकट सगळ्यांची तपासणारी सेंटर आणि कुणाचीच न तपासणारी सेंटर, दोन्ही मी पाहिली आहेत. आयोडिनच्या आधी: ज्यांना किडनीचा आजार आहे किंवा पूर्वी अचानक इजा झाली आहे, ज्यांची एक किडनी काढली आहे, ज्यांच्या लघवीत प्रथिनं जातात, आणि जे मेटफॉर्मिन घेतात. मधुमेह असला तरी मी तपासतो, जरी सूचनांत ते ऐच्छिक आहे. स्थिर रुग्णाचा महिनाभरातला रिपोर्ट चालतो. पण मधल्या काळात जुलाब, उलट्या, ताप किंवा वेदनाशामक गोळ्या झाल्या असतील तर तोच रिपोर्ट शिळा समजावा. चाळिशीतल्या निरोगी माणसाला, ज्याला यातलं काहीच नाही, क्रिएटिनिनशिवाय सीटी करता येतो. हृदयाच्या किंवा पोटातल्या अँजिओग्राफीत औषध धमनीतून थेट किडनीवर जाऊ शकतं, तिथं नियम जास्त कडक.

डायलिसिसवर असलेल्या आणि लघवी होतच नसलेल्या रुग्णाला आयोडिन दिलं तर वाचवायला किडनी उरलेली नसते, तातडीचं डायलिसिसही लागत नाही. थोडी लघवी अजून होत असेल तर मात्र ती जपायची. त्याच रुग्णाला गॅडोलिनियम द्यायचं असेल तर बंद कड्याचं, आणि शक्यतो डायलिसिसच्या थोडं आधी. माशाची ॲलर्जी, हा प्रश्न अजूनही काही फॉर्मवर असतो. त्याचा यातल्या कुठल्याच डायशी विशेष संबंध नाही.

मुलानं जाताना विचारलं की एमआरआयनंतरही ४८ तासांनी क्रिएटिनिन करायचं का. त्या डायसाठी नाही, मी म्हटलं. पण तीन महिन्यांनी मधुमेहाच्या तपासणीत क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन दोन्ही करा, आणि गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक नाही, पॅरासिटामॉल. काकूंनी पट्टी पर्समधून काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "आणि लावायचं मलम चालेल?" थोडं, गुडघ्यापुरतं, चालेल.